बाळ पिवळं दिसतंय, दूध कमी पितंय, श्वास जोरात चाललाय: पहिल्या काही आठवड्यांत काय बघायचं आणि कधी निघायचं

मी नवजात बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे. घरी गेलेल्या आईबाबांचे फोन येतात ना, त्यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "सिस्टर, बाळ पिवळं दिसतंय, किती पिवळं चालतं?" आणि मी दरवेळी आधी उलट विचारते, की बाळ आज किती तासांचं झालं, शेवटचं दूध कधी आणि कसं प्यायलं, कालपासून शूचे डायपर किती झाले. पालकांना वाटतं ही मुद्दा सोडून भलतंच काय विचारतेय. पण खरा मुद्दा तोच आहे, कारण नुसत्या रंगावरून मला तर सोडाच, मुरलेल्या डॉक्टरांनाही कावीळ नक्की किती ते सांगता येत नाही. म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितेय ज्या क्रमाने मी फोनवर विचारते.

आधी कावीळ होते कशी ते थोडक्यात, कारण हे एकदा कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात, जन्मानंतर त्या भराभर फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो बाहेर टाकायचं काम यकृताचं, पण नवीन बाळाचं यकृत अजून त्या कामाला सरावलेलं नसतं. यकृत जेवढं बिलिरुबिन आतड्यात सोडतं ते शीवाटे जातं, आणि शी वेळेवर झाली नाही तर तेच परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे बघा, दूध कमी तर शी कमी, शी कमी तर कावीळ जास्त, आणि कावीळ वाढली की बाळ सुस्त होतं आणि अजून कमी पितं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की एका रात्रीत बाळ कुठल्या कुठे जाऊ शकतं. पूर्ण दिवसांच्या दहातल्या साधारण सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसतेच, त्यातली बहुतेक आपोआप उतरते, आपल्याला ओळखायचीत ती या चक्रात अडकलेली बाळं.

पहिला प्रश्न: बाळ किती तासांचं आहे

दिवस नाही, तास मोजा. जन्माची वेळ डिस्चार्ज कार्डावर असते, ती फोनमध्ये लिहून ठेवा. पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर ते कधीच नॉर्मल धरायचं नाही, कितीही हलकं पिवळं असू दे. अशा वेळी रक्तपेशी नेहमीपेक्षा खूप वेगाने फुटत असण्याची शक्यता असते, उदाहरणार्थ आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह, किंवा आईचा ओ आणि बाळाचा ए किंवा बी. यात बिलिरुबिन तासातासाला चढतं म्हणून तपासणी लगेच, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच.

त्यानंतरची नेहमीची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसायला लागते, पूर्ण दिवसांच्या बाळात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. लवकर जन्मलेल्या बाळात ती थोडी उशिरा चढते आणि जास्त दिवस रेंगाळते. म्हणूनच एकच आकडा एका बाळाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही. बिलिरुबिन १२ असं रिपोर्टमध्ये आलं आणि बाळ पाच दिवसांचं, पूर्ण वाढलेलं, छान पिणारं असलं तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवायचं असतं, पण तेच १२ जर बाळ २४ तासांचं असताना आलं तर उपचार सुरू करायची वेळ आलेली असते. शेजारच्या बाळाचा १५ होता आणि काही केलं नाही, हे ऐकून आपल्या बाळाचं ठरवू नका. त्याचे तास वेगळे, आठवडे वेगळे.

३७ ते ३८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांबद्दल एक वेगळं सांगते कारण इथे खूप गफलत होते. ही बाळं दिसायला पूर्ण वाढलेली, वजनही बरं, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण यांची चोखायची ताकद लवकर संपते, पाच मिनिटं ओढलं की डोळे मिटतात, आणि यकृतही ४० आठवड्यांच्या बाळाइतकं तयार नसतं. ३५-३६ आठवड्यांच्या बाळांत तर हे अजूनच. तुमचं बाळ या गटातलं असेल तर पुढचं सगळं जरा जास्तच काटेकोरपणे बघा.

दुसरा प्रश्न: दूध खरंच पोटात जातंय का

"पितंय की हो" हे उत्तर पुरत नाही. छातीला लागलेलं असणं आणि दूध गिळणं यात फरक आहे. गिळणाऱ्या बाळाची हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि मग गिळल्याचा हलका आवाज येतो, दूध उतरल्यावर दर एक-दोन चोखण्यांमागे हा घोट ऐकू यायला हवा. नुसती ओठांची भराभर थरथर आणि घोट नाही, तर बाळ तोंडात धरून झोपलंय.

पहिल्या आठवड्यात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं असतं. बाळ उठेल तेव्हा पाजू असं पिवळ्या बाळाच्या बाबतीत करायचं नाही, कारण हे बाळ भूक लागली तरी उठणारच नाही. शेवटचं दूध सुरू केल्यापासून तीन तास झाले की उठवा. कसं उठवायचं, तर अंगावरचं गुंडाळलेलं सोडा, डायपर बदला, पाठ आणि तळवे बोटांनी चोळा, आईच्या उघड्या छातीवर आडवं धरा. पिता पिता झोपलं तर स्तन हाताने हलकेच दाबा म्हणजे तोंडात दूध येतं आणि बाळ परत गिळायला लागतं. तरीही नीट पीत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने थोडं थोडं द्या, अर्थात बाळ जागं असेल आणि गिळत असेल तरच.

आणि इतकं करूनही उठतच नाही, किंवा उठतं पण तोंडात धरतच नाही, असं लागोपाठ दोन वेळा झालं तर मग तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. आधी नीट पिणारं बाळ अचानक प्यायचं बंद होणं हे नवजात बाळाचं सगळ्यात मोठं धोक्याचं लक्षण आहे, कावीळ असो नसो.

दूध पोटात गेलं याचा पुरावा डायपरमध्ये असतो. शूचं गणित सोपं आहे, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन अशी वाढ होत पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा चांगले ओले डायपर व्हायला हवेत. डिस्पोजेबल डायपरमध्ये ओलं कळत नाही म्हणून कोरडा आणि वापरलेला एकेका हातात धरून बघा, जड लागायला हवा. शीचा रंग पहिल्या दोन दिवसांत काळा चिकट असतो, मग हिरवट होतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पातळ शी दिसायला लागते. चौथा दिवस उलटत आला आणि शी अजून काळीच आहे किंवा २४ तासांत झालीच नाही, तर दूध कमी पडतंय असं समजा. डायपरवर विटकरी किंवा गुलाबी डाग दिसला तर ते रक्तच असेल असं नाही, बहुतेकदा घट्ट झालेल्या शूमधले स्फटिक असतात. पहिल्या दोन दिवसांत ते दिसले तर फार काळजी नाही, चौथ्या दिवशी दिसले तर बाळाला पाणी कमी पडतंय.

वजनाचंही सांगते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर ते तपासायलाच हवं, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ परत जन्माच्या वजनावर आलेलं असायला हवं.

तिसरा प्रश्न: श्वास, पूर्ण एक मिनिट मोजून

हे प्रत्येक आईबाबांना यायला हवं आणि शिकायला पाच मिनिटं लागतात. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना बघायचं, रडताना किंवा दूध पिताना नाही. अंगावरचं पांघरूण बाजूला करा, पोट आणि छातीचा खालचा भाग दिसू द्या, फोनवर ६० सेकंदांचा टायमर लावा आणि पोट वर आलं की एक असं मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ एकसारखा श्वास घेतच नाही, काही श्वास भराभर घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, परत सुरू करतं. हे थांबणं नॉर्मल आहे, रंग बदलत नसेल तर. थांबणं २० सेकंदांच्या आसपास गेलं, किंवा थांबल्यावर बाळ निळं-फिकट पडलं किंवा ढिलं पडलं, तर ते नॉर्मल नाही, तिथे लगेच ॲम्ब्युलन्स.

मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास असतात. आकडा ६० किंवा वर आला तर घाबरू नका, बाळ शांत असल्याची खात्री करून लगेच परत पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आला तर निघायचं. आणि आकडा ५० असला तरी श्वास घेताना फासळ्यांच्या खाली खोल खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, किंवा प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा "अं... अं..." आवाज येतोय, तर आकडा विसरा आणि निघा. ओठ आणि जीभ निळसर असणं हे तर सगळ्यात वरचं. फक्त हाताचे-पायाचे पंजे निळसर आणि जीभ छान गुलाबी असेल तर पहिल्या दिवसांत ते चालतं, थंडी वाजत असेल म्हणून आधी ऊब द्या.

श्वास जोरात चालणाऱ्या बाळाला दूध पाजायचा हट्ट अजिबात करायचा नाही. पिताना श्वास धरावा लागतो, ते त्याला जमत नाही आणि दूध श्वासनलिकेत जातं. भुकेलं आहे म्हणून चमच्याने घशात ओतणं हे मी फार वेळा बघितलंय आणि त्यातून साधा त्रास गंभीर झालेला बघितलाय, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय.

श्वासाचा कावीळशी काय संबंध असं वाटेल. थेट फारसा नाही. पण न पिणं आणि वेगाने श्वास हे दोन्ही एकत्र असले की पहिला संशय रक्तातल्या जंतुसंसर्गाचा, किंवा न्यूमोनियाचा येतो, काही वेळा जन्मजात हृदयदोषाचाही, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाची कावीळही वाढते. एक बाळ आठवतं, नऊ दिवसांचं, चेहरा अगदी हलका पिवळा, कावीळ उतरत आलेली. आई एवढंच म्हणत होती की सकाळपासून दोनदा नुसतं तोंड लावलं आणि सोडून दिलं. ताप नव्हता, उलट काखेत ३६.० सेल्सिअस भरलं, हातपाय गार. मोजलं तर श्वास ६८, परत मोजला ७०. त्याला जंतुसंसर्ग होता, लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं आणि ते बरं होऊन घरी गेलं. रंग बघत बसले असते तर अजून एक दिवस घरीच राहिलं असतं. नवजात बाळात ताप नसणं याचा अर्थ संसर्ग नाही असा होत नाही, गार पडणं हेही तेवढंच वाईट. काखेत ३८ किंवा वर आलं, किंवा ३६.५ च्या खाली असून छातीशी धरून तासाभरात वर येत नाही, तर दवाखाना. ३५.५ च्या खाली असेल तर तेवढी वाटही बघायची नाही. तापाचं औषध देऊन घरी थांबायचं नाही या वयात.

आता चौथा प्रश्न: रंग कसा बघायचा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं आणि पांढऱ्या ट्यूबखाली पिवळं लपतं. कपाळ, मग छातीचं मधलं हाड, मग मांडी, मग तळवा, असं एकेका जागी बोटाने हलकं दाबून सोडा, बोट उचलल्यावर रक्त परत यायच्या आत त्वचा पांढरी दिसते का पिवळी ते बघा. सावळ्या बाळात त्वचेवर फसायला होतं म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते, म्हणजे चेहराच पिवळा असेल तर साधारण कमी, पोटाच्या खाली मांड्यांपर्यंत आली तर त्याच दिवशी रक्ततपासणी, आणि तळहात-तळपाय पिवळे दिसले तर कपडे बदलत बसू नका, निघा. पण हा अंदाजच आहे. चेहरा पिवळा म्हणजे कमी असं धरून घरी बसलेल्या बाळाचा आकडा जास्त निघालेला आहे, म्हणून रंग कमी वाटला तरी वरचे तीन प्रश्न जर चुकीची उत्तरं देत असतील तर ऐकायचं त्यांचं.

एका बाळाची गोष्ट तासावार सांगते

मुलगी, ३७ आठवडे, जन्माचं वजन २८०० ग्रॅम, पहिलटकरीण आई. ४८ तासांनी घरी गेली तेव्हा वजन २६५०, म्हणजे साधारण ५ टक्के उतरलेलं, ठीक. तिसऱ्या दिवशी दुपारी चेहरा पिवळसर वाटला. दर तीन तासांनी पाजत होती पण पाच मिनिटांत झोपायची. त्या रात्री बाळ सलग पाच तास झोपलं आणि घरात सगळे खूश झाले की किती शांत बाळ आहे, आईलाही झोप मिळाली. इथेच ते चक्र फिरत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी डायपर बदलला तर विटकरी डाग. आदल्या २४ तासांत ओले डायपर दोनच, शी अजून काळपट हिरवी. खिडकीत नेऊन दाबून बघितलं तर मांडीपर्यंत पिवळं. त्यांनी फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "ताई, उगाच त्रास देतोय का माहीत नाही, पण बाळ फार झोपतंय." मी श्वास मोजायला सांगितला, ५२ आला, खड्डे नाहीत, अंग कोमट. म्हटलं श्वास ठीक आहे, पण आत्ता निघा. वाटेत बाळाला आईच्या छातीला लावून ठेवायला सांगितलं आणि पितेय का बघा म्हटलं.

आली तेव्हा जवळपास ९६ तासांची. वजन २४९०, म्हणजे जन्मापेक्षा ३१० ग्रॅम कमी, ११ टक्के. बिलिरुबिन २१. तिच्या वयाला आणि आठवड्यांना उपचाराची जी रेषा असते तिच्या वर, पण रक्त बदलावं लागतं त्या रेषेच्या खाली. डॉक्टरांनी रक्तगट, संसर्गाच्या तपासण्या बघितल्या, त्या ठीक होत्या, म्हणजे मुख्य कारण दूध कमी जाणं. निळ्या दिव्याखाली ठेवलं, आईचं दूध पंपाने काढून दर दोन तासांनी दिलं, जिथे कमी पडलं तिथे डॉक्टरांनी सांगितलं तेवढं वरचं दूध. सहा तासांनी १८.९, दुसऱ्या दिवशी सकाळी १४.२. दिवा बंद केला, दुसऱ्या दिवशी परत तपासलं कारण दिवा काढल्यावर आकडा थोडा परत चढू शकतो, तो फारसा चढला नाही. तोपर्यंत बाळ स्वतःहून रडून दूध मागायला लागलं होतं आणि डायपरमध्ये पिवळी शी.

अजून एक रात्र ते "शांत" बाळ झोपू दिलं असतं तर काय, हे मला सांगावंच लागेल. बिलिरुबिन फार चढलं की मेंदूत शिरतं. सुरुवातीला बाळ ढिलं, झोपाळू, चोखणं मंद, म्हणजे जे थकलेलं बाळ वाटतं तेच. मग रडणं किरटं, कर्कश होतं, अंग ताठ होतं, मान आणि पाठ मागे धनुष्यासारखी वाकते, झटके येतात. इथवर गेलं की ऐकू न येणं, हालचालींवर ताबा नसणं असं कायमचं नुकसान राहू शकतं. म्हणून कर्कश रडणं किंवा पाठ ताणणारं पिवळं बाळ ही इमर्जन्सी, मिनिटांची.

उन्हाचं काय

हा प्रश्न येणारच. यामागे खरी गोष्ट आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत घेऊन जायच्या, त्यांच्या लक्षात आलं की बाळाच्या अंगाचा जो भाग उघडा होता तिथला पिवळेपणा कमी झालाय आणि झाकलेला भाग तसाच पिवळा. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याचा उपचार तयार केला आणि १९५८ मध्ये तो छापून आला. एका नर्सच्या निरीक्षणातून आला हे मला फार जवळचं वाटतं. म्हणजे उजेडाने बिलिरुबिनचं रूप बदलतं हे खरंच आहे. पण लागतो तो निळा उजेड, ठराविक ताकदीचा, जवळून, जवळजवळ पूर्ण उघड्या अंगावर आणि तासन्‌तास. कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं उन्हात धरल्याने आकडा उतरत नाही, आणि उघडं करून जास्त वेळ धरलं तर बाळ गार पडतं किंवा भाजतं, अंगातलं पाणी कमी होतं. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे "दोन दिवस ऊन देऊन बघू" यात तेच दोन दिवस जातात जेव्हा आकडा चढत असतो.

पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी पण नको. बिलिरुबिन मुख्यतः शीतून जातं, पाण्याने शी होत नाही, पोट भरतं आणि दूध अजून कमी जातं. आणि कावीळ झाली म्हणून आईचं दूध स्वतःच्या मनाने बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजायचं.

निघताना

बाळाला आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून पांघरूण आणि टोपी, नाक-तोंड दिसत राहील असं. श्वास ठीक असेल आणि बाळ गिळत असेल तर वाटेत पाजा, नसेल तर नको. डिस्चार्ज कार्ड घ्या, आईचा रक्तगट त्यात नसेल तर तो कागद पण. फोनवर किंवा दारात गेल्यावर "बाळ पिवळं आहे" एवढंच म्हणू नका, असं सांगा: "बाळ ९६ तासांचं, ३७ आठवडे, जन्माचं वजन २८००, २४ तासांत दोनच शू, रात्रीपासून नीट पीत नाही, श्वास ५२." एवढ्या एका वाक्यावर समोरचा माणूस लगेच उठतो.

दिव्याखाली ठेवलं तर बाळाचे डोळे झाकतात, अंगावर फक्त डायपर असतो, शी पातळ हिरवट होते, अंगावर पुरळ येऊ शकतं, हे सगळं चालतं. दूध पाजायला बाहेर काढता येतं का ते विचारा, बऱ्याचदा काढता येतं, आकडा फार वर असेल तर काही तास दिव्याखालीच द्यावं लागतं. आणि दिव्याखाली असलेल्या बाळाचा रंग बघून बरं वाटतंय असं ठरवू नका, त्वचेवरचा पिवळेपणा आधी जातो, रक्तातला नंतर, म्हणून रक्ताचाच आकडा विचारायचा.

आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळंच असेल तर

इथे सगळे सांगतात की आईच्या दुधाची कावीळ असते, काही होत नाही. असते खरी, छान पिणारं, वजन वाढणारं बाळ काही आठवडे पिवळसर राहू शकतं. पण ते ठरवायचं तपासून, अंदाजाने नाही. पूर्ण दिवसांचं बाळ १४ दिवसांनंतर आणि लवकर जन्मलेलं २१ दिवसांनंतर पिवळं असेल तर रक्ताची तपासणी करताना फक्त एकूण बिलिरुबिन नाही तर डायरेक्ट बिलिरुबिनही बघायला सांगा. डायरेक्ट जास्त आलं तर पित्ताची नळी बंद असण्याची शक्यता असते, आणि त्याचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर यश जास्त, उशीर झाला की यकृत खराब होत जातं. ही बाळं सुरुवातीला छान पितात, हसरी दिसतात, म्हणून उशीर होतो. घरी बघायची खूण म्हणजे शी आणि शू. शी पिवळी, हिरवी, मोहरीच्या रंगाची असली तर ठीक, पण पांढरट, राखाडी, खडूसारखी किंवा मातकट फिकट झाली, आणि शू लंगोटाला पिवळा गडद डाग पाडायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. फोटोत रंग बदलतो, म्हणून तो डायपर तसाच पिशवीत बांधून डॉक्टरांकडे घेऊन जा.